बायआउट म्हणजे काय, ते लिहून ठेव

ऑफिसात तिला सगळे निरोपबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ज्या ऑफिसात दोन टेबलांमधल्या भिंती जेमतेम छातीपर्यंत असतात, तिथे पाठीमागे असं काही उरतच नाही. नळ आणि तोट्या बनवणाऱ्या त्या कंपनीत मनुष्यबळ खात्याची दोन टेबलं होती. एका टेबलापाशी येणारी माणसं बसत. तिथे एक हसरी मुलगी, कुंडीतलं रोप आणि नव्या माणसाला द्यायला कोरा मग असे. दुसरं टेबल हिचं. तिथे फक्त जाणारी माणसं यायची. राजीनामा कुठल्या तारखेला दिला, शेवटचा दिवस कुठला, रजा किती उरल्या, लॅपटॉप परत केला का, आणि शेवटी कार्यमुक्तीचं पत्र. कोणी रागाने जायचं, कोणी पेढे वाटल्यासारखं हसत जायचं, कोणी तिच्याच टेबलावरचा कागदी रुमाल ओढून डोळे पुसत जायचं. ती सगळ्यांना सारखंच सांगायची, "इथे सही करा. इथे पण."

माणूस वाईट नव्हती. फणसासारखी होती म्हणावं, तर फणसातला गर निदान कापल्यावर तरी दिसतो. हिचा गर कापूनही हाताला लागला नसता. आई लवकर गेली, वडील अंथरुणाला खिळले, त्यांची सेवा करता करता लग्नाचं वय निघून गेलं. वडील गेले तेव्हाही तिने आधी मृत्यूचा दाखला किती प्रतींत लागेल याची चौकशी केली आणि रडली ती पुढच्या आठवड्यात, वीज मंडळाच्या ऑफिसात मीटरवरचं नाव बदलायच्या रांगेत उभी असताना. एक गोष्ट मात्र तिच्यासारखी तीच. तिने आयुष्यात कोणाला चुकीचा नियम सांगितला नव्हता. मालकाच्या भाच्यालाही नाही आणि स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही नाही. बहीण त्यावरून दोन वर्षं बोलत नव्हती.

घरी तिच्यासोबत सुई राहायची.

सुई म्हणजे तिची मैत्रीण. एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायची. जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांचे दंड तिने कधी ना कधी टोचले होते, म्हणून पोरांनी नाव पाडलं सुईमावशी, आणि मावशी गळून सुई राहिलं. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला. सासरच्यांनी सहानुभूती दाखवली आणि दागिने ठेवून घेतले. निरोपबाईला वडिलांच्या मागे दोन खोल्यांचं भाडं एकटीला जड जात होतं. बाजारातल्या एका दुकानदाराने दोघींची गाठ घालून दिली. "सहा महिने बघू," असं दोघीही म्हणाल्या होत्या. त्याला तेरा वर्षं झाली.

तेरा वर्षं एका घरात राहिल्या म्हणजे रोज गप्पांचे फड रंगत असतील असं कोणाला वाटेल. तसं काही नव्हतं. सुईची पाळी दुपारची. ती बाराला बाहेर पडायची आणि आली की ही झोपलेली. ही सकाळी आठला निघायची तेव्हा सुई भिंतीकडे तोंड करून घोरत पडलेली. उरला रविवार, तोही सुईला लॅबमध्ये बोलावलं नाही तर. म्हणून त्यांचा सगळा संसार चिठ्ठ्यांवर चालायचा. ओट्याच्या कोपऱ्यात, साखरेच्या डब्याखाली, एक कागद. 'गॅसवाला आला नाही.' 'तुझं दूध उतू घालवलं, माफ कर, नाही केलंस तरी चालेल.' 'मोजे कुठे आहेत?' 'तुझ्या पायांत बघ, शहाणे.' सुईच्या चिठ्ठ्या वाकड्यातिकड्या, औषध कंपनीने फुकट वाटलेल्या वहीतून फाडलेल्या. हिच्या चिठ्ठ्या सरळ रेषेत, तारखेसकट. सुई त्यावरून तिला हसायची. तारीख कशाला घालतेस, कोर्टात लावायचीय का?

एका सोमवारी संध्याकाळी निरोपबाई घरी आली, चपला काढल्या, चहाचं आधण ठेवलं आणि साखरेचा डबा उचलला. खाली चिठ्ठी होती.

'मला दादाच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळतेय. लॅबची प्रमुख. सकाळची पाळी. महिन्याभरात हजर व्हा म्हणतात, नाहीतर दुसरीला घेतील. इथे माझी नोटीस तीन महिन्यांची आहे. हॉस्पिटलवाले म्हणाले बायआउट बघा. बायआउट म्हणजे काय, ते नीट लिहून ठेव. शुक्रवारी त्यांना हो की नाही कळवायचंय.'

आधण उकळून निम्मं आटलं तरी ती चिठ्ठी हातात धरून उभी होती.

अर्ज केला, मुलाखत दिली, हे सगळं कधी झालं? मागच्या महिन्यात सुई दोन दिवस भावाकडे गेली होती, तेव्हाच असणार. आपल्याला एका शब्दाने बोलली नाही. हा पहिला राग. मग तिला सुईचे पाय आठवले, उभं राहून राहून संध्याकाळी टम्म फुगणारे. सकाळची पाळी. प्रमुखाची खुर्ची. भाऊ, वहिनी, भाच्या. मागायला काय हवं माणसाला? आणि मग, राग आणि शहाणपण दोन्ही झाल्यावर, तिला नुसतीच भीती वाटली. रविवारी दुपारी सुई आतल्या खोलीत रेडिओ लावून कपड्यांना बटणं लावते आहे आणि आपण बाहेर वर्तमानपत्र वाचतो आहोत, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिला सुई जायला नको होती. इतकी साधी गोष्ट होती ती.

आणि ती थांबवायला फार काही करावं लागणार नव्हतं. सगळं त्या तीन महिन्यांवर अडलं होतं. नोटीस पुरी भरायची म्हटली तर हॉस्पिटल थांबणार नाही. नोटीस विकत घेता आली तरच सुई जाणार. हिने एवढंच लिहायचं होतं की, 'अगं, छोट्या लॅबमध्ये बायआउट देत नाहीत, नाद सोड.' सुईने दुसऱ्या कोणाला विचारलं नसतं. कायद्याच्या बाबतीत सुईला हिचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

तिने एकदा तसं लिहूनही पाहिलं. मनातल्या मनात नाही, खरोखर कागदावर. 'छोट्या लॅबमध्ये' इथपर्यंत लिहिलं, आणि तिला स्वतःचाच इतका संताप आला की तिने कागद चुरगळला आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता पर्समध्ये घातला. डब्यात सुईला दिसला असता. मग तिने चष्मा पुसला, कोरा ताव घेतला, वर तारीख घातली आणि लिहायला बसली.

'प्रिय सुई,

तू विचारलंस ते क्रमाने सांगते.

नोटीस म्हणजे मुदत. नोकरी सोडताना तू तीन महिने आधी सांगायचंस, म्हणजे त्यांना दुसरं माणूस शोधता येईल. त्यांनी तुला काढलं तर त्यांनीही तसंच आधी सांगायचं. बायआउट म्हणजे ही मुदत पुरी न करता, जितके दिवस कमी भरशील तितक्या दिवसांचा पगार त्यांना देऊन मोकळं होणं. भाड्याच्या घराचं कसं असतं? सोडताना महिनाभर आधी सांगायचं, नाही सांगितलं तर महिन्याचं भाडं ठेवून जायचं. तसंच.

पण एक लक्षात ठेव. पैसे टाकले की सुटलो, असं नाही. आधी तुझं नेमणुकीचं पत्र काढ, लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाइलीत आहे. त्यात नोटिशीचं कलम वाच. "किंवा त्याऐवजी पगार" एवढंच असेल तर तुझी बाजू भक्कम आहे. पण "व्यवस्थापनाच्या संमतीने" असे शब्द असतील तर बायआउट हा तुझा हक्क नाही, त्यांची मर्जी आहे. ते नाही म्हणू शकतात. बहुतेक ठिकाणी हेच शब्द असतात.

दुसरं, पगार म्हणजे कुठला पगार ते बघ. काही ठिकाणी फक्त मूळ पगार धरतात, काही ठिकाणी भत्त्यांसकट सगळा. फरक पुष्कळ पडतो. कलमात स्पष्ट नसेल तर लेखी विचार.

तिसरं, नव्या हॉस्पिटलचं नेमणूकपत्र सहीशिक्क्यासकट हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. तोंडी शब्दावर कोणी नोकरी सोडत नाही. सोडणाऱ्यांना मी रोज बघते.

राजीनामा दिला त्या दिवसापासून नोटीस सुरू होते. तू कामाला जाशील ते दिवस त्यातून वजा होतात. म्हणजे तीन आठवडे भरलेस तर उरलेल्या दिवसांचेच पैसे. राजीनाम्यातच लिही, की मला अमुक तारखेला मोकळं करावं, उरलेल्या मुदतीचा पगार द्यायला मी तयार आहे. लॅबच्या मॅडमना हेही विचार, की उरलेल्या रजा नोटिशीत धरतील का, किंवा थोडी मुदत माफ करतील का. माफी मागायला पैसे पडत नाहीत. तुझ्या हाताखालच्या मुलीला काम नीट शिकवून ठेवलंस तर त्यांचा नाही म्हणायचा जोर कमी होईल.

बायआउटची रक्कम साधारणपणे शेवटच्या हिशोबातून कापतात. राहिलेला पगार, शिल्लक रजांचे पैसे, यातून. कमी पडले तर तुला वरून भरावे लागतात. पुष्कळदा नवी कंपनी हे पैसे देते. हॉस्पिटलला विचार, लाजू नकोस, यात भीक नाही. पण ते आधी हातात देत नाहीत. हजर झाल्यावर पावती दाखवायची, मग पगारातून देतात आणि त्यावर करही कापतात. आणि अट असते, की वर्षाच्या आत सोडलंस तर परत करायचे. ती अट वाचल्याशिवाय सही करू नकोस.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. मॅडमची लेखी संमती आल्याशिवाय कामावर जाणं थांबवू नकोस. एक दिवससुद्धा नाही. तसं केलंस तर ते न सांगता गेली असं दाखवतात, कार्यमुक्तीचं पत्र अडवतात, आणि नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी तेच पत्र मागतात.

काही अडलं तर विचार. राजीनाम्याचा मसुदा मी करून देईन.

तुझी'

खाली तिने नाव घातलं. वाचून पाहिलं. एकही चूक नव्हती. चूक नाही म्हणजे पत्र चांगलं झालं, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांची सवय. तिने ताव दुमडून डब्याखाली ठेवला आणि न जेवता झोपली.

दुसऱ्या दिवशी डब्याखाली उत्तर होतं. 'वाचलं. कळलं. थँक्यू.' एवढंच. ना शहाणे, ना तारखेवरून टोमणा. निरोपबाईने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. तिला वाटलं, जायच्या आनंदात आहे बाई, आता आपल्याशी थट्टा करायला वेळ कुठला.

त्यानंतर सगळं पत्राबरहुकूम झालं. कलमात मर्जीचे शब्द निघाले. हॉस्पिटलने वर्षाच्या अटीवर पैसे द्यायचं मान्य केलं. राजीनाम्याचा मसुदा निरोपबाईने केला, सुईने सुवाच्य अक्षरात उतरवला. लॅबच्या मॅडम आधी तापल्या, मग हाताखालच्या मुलीने मशीन एकटीने चालवून दाखवल्यावर निवळल्या, आणि भत्ते सोडून फक्त मूळ पगार धरायलाही तयार झाल्या. ही बातमी देणारी चिठ्ठी वाचून निरोपबाईला क्षणभर खरंच आनंद झाला. शेवटी तिने घडवून आणलेलं काम होतं ते. मग तिला कळलं की आपण कशाचा आनंद मानतो आहोत, आणि ती ओट्याशी तशीच बसून राहिली.

मधल्या रविवारी दोघी घरी होत्या. सुई सामान आवरत होती. निरोपबाई तिच्या साड्यांच्या घड्या घालत होती, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"तिकडे थंडी असते म्हणे," निरोपबाई म्हणाली.

"दादा म्हणतो, स्वेटर लागेल."

"माझा तपकिरी घेऊन जा. मला घट्ट होतो."

"तुला कशाला घट्ट होतोय? काडी आहेस नुसती."

"घेऊन जा म्हटलं ना."

सुईने स्वेटर घेतला. त्याची घडी मोडून परत घातली. मग सुई म्हणाली, "तुला बरंच वाटत असेल नाही? रात्री दार वाजणार नाही, झोपमोड होणार नाही."

आता इथे कुठल्याही बाईने म्हटलं असतं की, अगं, त्या दाराच्या आवाजाशिवाय मला झोप लागत नाही. खरं होतं ते. सुईची किल्ली कुलपात फिरेपर्यंत ती डोळे मिटून जागीच असायची, तेरा वर्षं. पण शब्द ओठांवर आणायला सराव लागतो आणि तिला सराव दुसऱ्याच शब्दांचा होता. ती म्हणाली, "सवय होईल." सुईने मान डोलावली आणि बॅगेची चेन ओढली.

जायच्या आदल्या दिवशी डब्याखाली पाकीट सापडलं. आत पुढच्या महिन्याच्या भाड्यातला सुईचा वाटा होता, आणि चिठ्ठी, 'घराच्या नोटिशीचे.'

निरोपबाईला कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. तेरा वर्षांचा हा हिशोब? आपण भाडेकरू नि घरमालकीण होतो काय? तिला वाटलं, सुईने एका पाकिटात सगळं मिटवलं. असं वाटल्यावर माणूस भांडतो, ओरडतो, निदान पाकीट फेकतो. हिने पैसे मोजले नाहीत, पाकीट कपाटात ठेवलं आणि उलट चिठ्ठी लिहिली, 'मिळाले.' तारखेसकट. अक्षर नेहमीसारखं सरळच आलं.

निघायच्या दिवशी निरोपबाईने ऑफिसातून सकाळची सुट्टी घेतली. इतक्या वर्षांत तिने अर्धा दिवस मागितला म्हणून साहेबांनी विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?" ती म्हणाली, "नाही, एकजण कार्यमुक्त होतेय." साहेब हसले. त्यांना वाटलं, बाईंनी पहिल्यांदाच विनोद केला.

खाली टॅक्सी यायला अवकाश होता. बॅगा दाराशी उभ्या होत्या. सुई आंघोळ करून, तो तपकिरी स्वेटर हातावर घेऊन खुर्चीत बसली होती. तिने पर्समधून एक पाकीट काढून पुढे केलं.

"हे बघून दे. काल संध्याकाळी मिळालं. तू बघितल्याशिवाय मला चैन नाही पडायचं."

लॅबचं कार्यमुक्तीचं पत्र होतं. निरोपबाईने चष्मा लावला. हजर झाल्याची तारीख, शेवटचा दिवस, पद, उरलेल्या मुदतीची रक्कम मिळाली, देणं काही बाकी नाही, सही, शिक्का. तिने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, पण वाचून संपलं की परत द्यावं लागणार होतं.

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली.

"असणारच. तुझ्या पत्राप्रमाणे केलंय."

सुईने कागद घेतला, दुमडला, पण पर्समध्ये घातला नाही.

"एक सांगू? मला बायआउट ठाऊक होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? आमच्या लॅबमधून दोघी तशाच गेल्या की. एकीचे पैसे मीच मॅडमकडे नेऊन दिले होते. कलम, संमती, पावती, सगळं माहीत होतं मला."

निरोपबाईला काही उमजेना. "मग मला कशाला लिहायला लावलंस?"

"तू काय लिहितेस ते बघायला." सुई खाली बघत म्हणाली. "मला कुठे धड ठरवता येत होतं गं? दादाने अर्ज भरला, मी मुलाखत देऊन आले, पुढे काय ते कळेना. म्हटलं, हिला विचारावं. ही ओरडेल, म्हणेल कशाला जातेस मरायला तिकडे, या वयात नवी जागा, नवी माणसं. नाहीतर खोटं तरी सांगेल, की असलं काही नसतं म्हणून. मी लगेच विश्वास ठेवला असता. दोन पानं लिहिलीस तू. मी इथेच बसून वाचलं. म्हटलं, शेवटी असेल. शेवटी मसुदा करून देते म्हणालीस."

बाहेर जिन्यात कोणीतरी बादली आपटत वर चाललं होतं.

"आणि भाड्याच्या घराचं लिहिलंस," सुई पुढे म्हणाली. "महिन्याचं भाडं ठेवून जायचं म्हणून. मला वाटलं, हिला तोंडाने मागायला संकोच वाटतोय, म्हणून उदाहरणातून सांगतेय."

"ते उदाहरण होतं!" निरोपबाई जवळजवळ किंचाळली. "सगळ्यांना देते मी ते. सोपं पडतं म्हणून. ऑफिसात प्रत्येकाला देते."

"हो ना. मला काय माहीत, मी ऑफिसातली नव्हते."

निरोपबाई धप्पकन पलंगाच्या कडेवर बसली. पर्स तिच्या शेजारीच होती. तिने ती उघडली, आतून चुरगळलेला कागद काढला, इतके दिवस तिथेच राहिलेला, आणि सुईच्या हातात दिला. सुईने तो मांडीवर सरळ केला. 'छोट्या लॅबमध्ये.' पुढे काही नव्हतं.

"खोटंच लिहायला घेतलं होतं," निरोपबाई म्हणाली. "नाही लिहवलं. तुझं नुकसान झालं असतं. तुझे पाय सुजतात." आणि मग तिचा आवाज फुटला. "मला तू जायला नकोयस गं. ती चिठ्ठी वाचली तेव्हापासून नकोयस."

सुई रडायला लागली. मोठ्याने नाही. नाक ओढत, त्याच स्वेटरला डोळे पुसत. तेरा वर्षांत त्यांनी एकमेकींना कधी जवळ घेतलं नव्हतं. आताही ते जमलं नाही, नुसता एकमेकींचा हात धरून बसल्या.

"मागे घेता येतो का गं राजीनामा?" सुईने विचारलं.

हा प्रश्न निरोपबाईला टेबलापलीकडून कितीतरी वेळा आला होता. कोणी बायकोशी भांडून राजीनामा टाकलेला असायचा, कोणाची नवी नोकरी ऐनवेळी फिसकटलेली असायची. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची आणि समोरचा चेहरा कसा उतरतो ते न बघता पुढच्या कागदाकडे वळायची. आज तिने खोटं बोलायचा मनापासून प्रयत्न केला. तिने तोंड उघडलं. सुई तिच्याकडे बघत होती, पोरं दिवाळखोर बापाकडे बघतात तशी, आशेने.

"स्वीकारायच्या आधी घेता येतो," ती म्हणाली. "स्वीकारल्यावर त्यांची मर्जी. पण पैसे भरले, पावती झाली, हे पत्र निघालं, म्हणजे तू आता तिथली नाहीसच. मागे घ्यायला काही उरलेलं नाही. नव्याने अर्ज करावा लागेल. आणि तुझ्या जागेवर ती मुलगी बसली."

"मीच शिकवलं तिला."

"मीच सांगितलं शिकवायला."

"तिकडून परत आले तर?"

"वर्षाच्या आत आलीस तर हॉस्पिटलचे पैसे परत करावे लागतील. तू सही केलीस."

"म्हणजे वर्ष तर काढावंच लागेल."

"वर्ष तर काढावंच लागेल," निरोपबाई म्हणाली. वर्षाने सुईचे पाय बरे झाले असतील, भाच्या तिच्याभोवती नाचत असतील, लॅबमध्ये सगळे तिला मॅडम म्हणत असतील. तेव्हा कोण कशाला परत येईल? हे दोघींनाही कळत होतं आणि दोघींनीही ते बोलून दाखवलं नाही. या एका बाबतीत मात्र त्यांचं न लिहिता एकमत झालं.

खालून हॉर्न वाजला. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा. टॅक्सीवाल्यांना धीर म्हणून नसतो.

सुई उठली. तिने तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले, कार्यमुक्तीचं पत्र पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि तो चुरगळलेला कागदही त्याच्याच घडीत सरकवला. छोटी बॅग तिने खांद्याला अडकवली. मोठी बॅग जड होती, तिला दोन्ही बाजूंनी पट्टे होते.

"सोड, मी नेते," सुई म्हणाली.

"एकटीला नाही उचलवायची तुला. तुझे पाय."

"माझ्या पायांचं काय घेऊन बसलीस मगापासून?"

"धर तिकडून," निरोपबाई म्हणाली. तिने एका बाजूचा पट्टा धरला, सुईने दुसऱ्या. जिना अरुंद होता, दोघींना एका पायरीवर मावता येत नव्हतं, म्हणून निरोपबाई पुढे झाली आणि सगळं वजन आपल्याकडे घेत, सुईकडे तोंड करून, एकेक पायरी उलटी उतरू लागली.